भिंतीतला जीआय पाइप बदलताना: पाइप कोणता, यापेक्षा जोड कसा

प्रश्न: नाशिकला आमचं १९९१ सालचं रो-हाउस आहे, तळमजला आणि वर एक मजला. पाइप सगळे जीआयचे आणि भिंतीत गाडलेले. वरच्या बाथरूममधला एक एल्बो गळतोय, खालच्या छताला ओल आलीय. सकाळी पहिलं पाणी तांबूस येतं. गच्चीवर टाकी आणि सोलर आहे. एक प्लंबर म्हणतो जाड जीआयच पुन्हा टाका, दुसरा म्हणतो सगळं सीपीव्हीसी करा. कोणाचं ऐकू?

दोघंही अर्धं बरोबर सांगत आहेत, म्हणूनच तुमचा गोंधळ होतोय. मी पुणे आणि सातारा भागात अठ्ठावीस वर्षं नळकाम करतो. सुरुवातीची दहा वर्षं जवळजवळ सगळी जीआयमध्ये गेली आणि आता बहुतेक काम प्लास्टिकमध्ये चालतं. माझ्या अनुभवात घरातलं पाणी सरळ पाइपातून क्वचितच गळतं, ते जोडातून गळतं. त्यामुळे कोणता पाइप चांगला, हे ठरवण्याआधी तुमचा एल्बो का गळला हे समजून घेऊ.

जीआय म्हणजे लोखंडी पाइपावर जस्ताचा थर. अर्ध्या इंचाच्या मध्यम प्रतीच्या पाइपाची, म्हणजे निळ्या पट्ट्याच्या बी क्लासची, भिंत २.६ मिलिमीटर जाड असते. लाल पट्ट्याच्या सी क्लासची ३.२ आणि पिवळ्या पट्ट्याच्या ए क्लासची साधारण २. आता जोड करताना काय होतं ते पाहा. प्लंबर डाय फिरवून पाइपाच्या टोकाला आटे पाडतो. हे आटे १ मिलिमीटरहून थोडे जास्तच खोल जातात. म्हणजे २.६ पैकी आट्याच्या तळाशी जेमतेम दीड मिलिमीटर लोखंड उरतं, आणि त्या जागेवरचं जस्तही डायबरोबर खरवडून निघून जातं. पाइप जिथे सगळ्यात पातळ, तिथेच तो उघडा. आजूबाजूला जस्त शिल्लक असेपर्यंत ते स्वतः झिजून शेजारच्या उघड्या लोखंडाला थोडंफार सांभाळतं. ते संपलं की गंज सरळ आट्यात शिरतो. तुमच्या एल्बोमध्ये बहुधा एल्बो धड आहे आणि त्यात गेलेल्या पाइपाचा आटा खाल्ला गेलाय. भिंत फोडाल तेव्हा बारकाईनं पाहा. एल्बोच्या तोंडाशी तपकिरी किंवा पांढुरकी खरपुडी दिसेल, आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आट्यावर दाबलं तर ते आत रुतेल.

जाड जीआय टाका म्हणणाऱ्या प्लंबरचं म्हणणं इथे खरं ठरतं. सी क्लासमध्ये आट्याखाली २ मिलिमीटर लोखंड उरतं, आणि हा जादा अर्धा मिलिमीटर आठ-दहा वर्षं देऊ शकतो. पण आतला गंज त्यानं थांबत नाही. जस्त संपल्यावर पाइपाच्या आत गंजाच्या गाठी वाढतात. सोळा मिलिमीटरचं भोक हळूहळू पेन्सिल जाईल इतकं होतं. रात्रभर थांबलेलं पाणी त्या गाठींमधून लोखंड घेतं, म्हणून सकाळची पहिली अर्धी बादली तांबूस येते आणि मग साफ होते. दिवसभर तांबूस येत असेल तर आधी टाकी आणि टाकीकडे येणारा पाइप तपासा.

किती वर्षांत असं होईल, ते पाण्यावर आहे. मऊ पाणी जीआयला लवकर खातं. बोअरचं जड पाणी आतून चुन्याचा पातळ थर देतं. तो थर बेताचा असेल तर गंजापासून वाचवतो, वाढला तर पाइप बुजवतो. गरम पाण्याची लाइन थंड लाइनीच्या आधी जाते, हे तर मी प्रत्येक घरात पाहिलंय. शिवाय ओल धरणाऱ्या भिंतीत किंवा बाथरूमच्या कोब्यात गाडलेला पाइप बाहेरूनही खाल्ला जातो. त्याच घरातला भिंतीवर उघडा, क्लॅम्पवर उभा पाइप तीस वर्षांनीही बरा निघतो. तुमचे पाइप तीस वर्षं टिकले, म्हणजे ज्यानं काम केलं त्यानं चांगलं केलं होतं.

फक्त तो एल्बो बदलून भागेल का, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असणार. बाहेरून सोपं दिसतं, पण जीआयचे सगळे आटे एकाच दिशेचे असतात. मधला एल्बो सोडवायला पाइप फिरवावा लागतो, आणि पाइप फिरवला की त्याचं दुसरं टोकही फिरतं. तिथे तीस वर्षांपूर्वीचा तागाचा धागा आणि सफेदा सुकून दगड झालेला असतो. तो एकदा हलला की पुन्हा धरत नाही. जवळपास युनियन, म्हणजे पाइप न फिरवता खोलता येणारा जोड, असेल तर ती खोलून काम होतं, पण भिंतीत गाडलेल्या लाइनीत युनियन सहसा कुणी ठेवत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण युनियन स्वतःच कधीतरी गळते. म्हणून पाइप मध्येच कापावा लागतो. कापलेल्या टोकाला भिंतीत जागेवर नवीन आटे पाडायचे, तर डायच्या जोरानं मागचा कुजलेला जोड तुटतो. मी स्वतः एका घरी एक एल्बो बदलायला गेलो आणि संध्याकाळपर्यंत ओळीनं तीन जोड बदलून आलो. महिन्याभरात चौथा गळला. तुमच्याकडे ओल आहे आणि तांबूस पाणीही आहे, म्हणजे बिघाड एका जागेचा नाही. दुरुस्तीवर पैसे घालू नका, लाइन बदला.

आता प्लास्टिक. बाजारात सगळ्याला सरसकट पीव्हीसी म्हणतात, पण घरकामात दोनच नावं लक्षात ठेवा. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंड पाण्यासाठी. फिकट पिवळसर सीपीव्हीसी थंड आणि गरम दोन्हीसाठी. शेतीचा राखाडी पीव्हीसी पाइप घराच्या आतल्या लाइनीला वापरू नका. सीपीव्हीसी गंजत नाही, आत गाठी धरत नाही, आणि त्याचं भोक तीस वर्षांनीही जवळपास तेवढंच राहील. पण त्याला तीन गोष्टी सोसत नाहीत: जास्त उष्णता, ऊन, आणि कायमचा ताण. जीआय म्हातारपणी हळूहळू झिरपू लागतो आणि ओल दाखवून आधी इशारा देतो. प्लास्टिकचा जोड मात्र पाच-सात वर्षं निमूट राहतो आणि एका रात्रीत सुटतो. जीआयचं आयुष्य पाणी ठरवतं, तर प्लास्टिकचं आयुष्य बरंचसं जोड लावला त्या दिवशीच ठरतं. म्हणून तो जोड कसा होतो, हे तुम्हाला माहीत हवं, म्हणजे काम चालू असताना तुम्ही समोर उभे राहून पाहू शकाल.

सीपीव्हीसीचं सोल्यूशन हा गोंद नव्हे. ते पाइपाचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला पृष्ठभाग मऊ करतं, दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि वाळून एकच तुकडा होतो. त्यासाठी पाइप सरळ काटकोनात कापायला हवा. करवतीनं कापला तर आत-बाहेर राहिलेला भुसा आणि धार चाकूनं काढायची आणि बाहेरची कडा थोडी उतरती करायची. ही कडा तशीच ठेवली तर आत जाताना ती सोल्यूशन खरवडून पुढे ढकलते. मग कोरड्या फडक्यानं दोन्ही पुसायचं, कारण पाण्याचा एक थेंबही जोड बिघडवतो. सोल्यूशन लावण्याआधी पाइप कोरडाच फिटिंगमध्ये घालून पाहायचा. तो एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश जाऊन अडला पाहिजे. सैल जाऊन तळाला टेकत असेल तर पाइप आणि फिटिंग एकमेकांचे नाहीत. दोन कंपन्यांचा माल मिसळला की हे बऱ्याचदा होतं.

मग पाइपाला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ हात. पाइप आत घालताना पाव वळसा द्यायचा, तळाला टेकवायचा आणि तीसएक सेकंद दाबून धरायचा. हे तीस सेकंद फार महत्त्वाचे आहेत. फिटिंग आतून किंचित निमुळतं असतं, त्यामुळे हात काढला की पाइप स्वतःहून मागे सरकतो आणि अर्धाच जोड चिकटतो. घाईत असलेले कारागीर हीच चूक सगळ्यात जास्त करतात. नीट झालेल्या जोडाभोवती सोल्यूशनची एकसारखी बारीक कड दिसते. कड मध्येच तुटलेली असेल तर तो जोड कापून टाकायला सांगा. आणि फिटिंगमध्ये सोल्यूशन ओतल्यासारखं भरलं असेल तर ते आत साचून पाइपाची भिंत मऊ करतं, तीही जागा पुढे फुटते. डब्यातलं सोल्यूशन दह्यासारखं घट्ट झालं असेल तर त्यात काही मिसळून पातळ करू देऊ नका, नवीन डबा मागवा. आणि डबा सीपीव्हीसीचाच हवा. यूपीव्हीसीच्या सोल्यूशननं केलेला जोड थंड पाण्यात टिकेलसा वाटतो, गरम पाण्यात सुटतो.

पण मी दुरुस्त केलेल्या प्लास्टिक लाइनींत सगळ्यात जास्त वेळा फुटलेली जागा ही नव्हतीच. ती होती प्लास्टिक आणि धातू जिथे भेटतात तिथली: नळाच्या मागचा एल्बो, शॉवरचं तोंड, गीझरचा जोड. पितळी नळाचे आटे नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात पान्यानं आवळले की प्लास्टिकवर आतून बाहेर असा ताण बसतो, आणि तो ताण रात्रंदिवस राहतो. पाच वर्षांनी त्या एल्बोला उभी, केसासारखी चीर जाते. म्हणून अशा प्रत्येक ठिकाणी आत पितळी आटे बसवलेली फिटिंगच घ्या. ती महाग असतात, पण अख्ख्या बाथरूमला आठ-दहाच लागतात. या आट्यांवर फक्त टेफ्लॉन टेप लावायची. जीआयवर चालणारा सफेदा आणि तेल इथे नको, कारण तेलं सीपीव्हीसीला ताणाखाली चिरायला लावतात. हातानं घट्ट झाल्यावर पान्यानं एक ते दीड वळसा पुरतो. जीआयमध्ये हात मुरलेला जुना कारागीर इथे सवयीनं जास्त आवळतो. मलाही ही सवय मोडायला वेळ लागला.

आता एक हिशेब सांगतो, कारण त्यात पुष्कळ घरं फसतात. अर्धा इंची जीआयचं आतलं भोक साधारण १६ मिलिमीटर असतं. अर्धा इंची सीपीव्हीसीचं १२.४. नाव तेच, पण पाणी जायची जागा जुन्याच्या साठ टक्के. टाकी गच्चीवर असली की वरच्या मजल्याच्या शॉवरला पाण्याची उंची जेमतेम दोन-अडीच मीटर मिळते, म्हणजे पाव किलोचा दाब. एवढ्याशा दाबात भोक लहान झालेलं लगेच कळतं. कात्रजच्या एका बंगल्यात हेच झालं होतं. आधीच्या कारागिरानं जुन्या मापानं अर्ध्याच्या जागी अर्धा आणि पाऊणच्या जागी पाऊण टाकला होता. घरमालक म्हणाले की गंजलेल्या पाइपातून याहून बरं पाणी यायचं. गच्चीवरून उतरणारी लाइन एक इंची केली, बाथरूममधली मुख्य लाइन पाऊण इंची, आणि अर्धा इंची फक्त नळाजवळच्या शेवटच्या दोन-तीन फुटांत ठेवला. वीस लिटरची बादली भरायला चार मिनिटं लागायची, ती दीड मिनिटात भरू लागली. तुमच्या घरीही हेच माप धरा. काम सुरू होण्याआधी एक बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून लिहून ठेवा.

सोलरच्या बाबतीत जीआयवाला प्लंबर बरोबर आहे. सीपीव्हीसी ८२ अंशांपर्यंत चालतो, आणि तेवढ्या उष्णतेला त्याची दाब सोसायची ताकद थंड पाण्याच्या मानानं चौथाईवर येते. तुमच्या घरात दाब इतका कमी आहे की त्याची भीती नाही. पण एप्रिल-मेमध्ये चार दिवस घर बंद असलं की सोलरच्या टाकीतलं पाणी याच्याही वर तापू शकतं. तिथे सीपीव्हीसी मऊ पडून झोळासारखा लोंबतो. म्हणून सोलरमधून निघणारे पहिले दहा-बारा फूट मी जीआय बी क्लासमध्येच करतो, वरून उष्णतारोधक वेष्टन घालून. ही लाइन गच्चीवर उघडी राहते, पंधरा वर्षांनी बदलायची झाली तरी एका सकाळचं काम. त्यानंतर पितळी आट्याच्या जोडानं सीपीव्हीसीत उतरायचं. इलेक्ट्रिक गीझरलाही सीपीव्हीसी थेट जोडू देऊ नका, मध्ये जाळीदार धातूची लवचिक नळी घाला.

गरम लाइन तापली की लांब होते, हेही धरायला हवं. १० मीटर लांबीचा पाइप ४० अंशांनी तापला तर जीआय ५ मिलिमीटर वाढतो आणि सीपीव्हीसी सुमारे २५. तुमच्या घराची गच्चीपासून तळमजल्यापर्यंतची उभी लाइन सहा-सात मीटर धरली तर दीड सेंटिमीटर वाढ होईल. सरळसोट, दोन्ही टोकांना आवळलेल्या लाइनीत ही वाढ एल्बोवर येते. मध्ये एक फुटाचा आडवा वळसा दिला आणि क्लॅम्प पाइप सरकेल इतपत सैल ठेवले की प्रश्न संपतो. आडव्या लाइनीला दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा, जीआयच्या सवयीनं सहा फुटांवर ठेवला तर लाइन झोळते. गच्चीवरच्या प्लास्टिकला रंग तरी द्या किंवा झाकून तरी टाका. उन्हानं ते ठिसूळ होतं आणि मग नुसत्या शिडीच्या धक्क्यानं तडकतं. रंग पाण्यात मिसळणारा घ्या, थिनरचा नको.

आणखी एक गोष्ट आहे, जी प्लंबर सांगत नाही आणि इलेक्ट्रिशियनला कुणी विचारत नाही. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी अर्थिंगची तार जीआयच्या पाण्याच्या पाइपाला बांधलेली असते. कधी मुद्दाम, कधी वेगळं अर्थिंग निकामी झाल्यावर कुणी तात्पुरती म्हणून. पाइप प्लास्टिकचा झाला की ती वाट तुटते. मग गीझरमध्ये वीज उतरली तर ती जमिनीत जाण्याऐवजी पितळी नळावर आणि पाण्यात उभी राहते. म्हणून पाइप काढण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून घराचं अर्थिंग स्वतंत्र आहे का ते मोजून घ्या, आणि वीज कुठे गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला नसेल तर बसवा. हे झाल्याशिवाय मी कुठल्याही जुन्या घरात काम सुरू करत नाही.

तर तुमच्या घरापुरतं असं करा. सोलरपासूनचा पहिला तुकडा जीआय, बाकी थंड-गरम सगळं सीपीव्हीसी, आणि गच्चीच्या टाकीच्या तोटीपासून नवीन. फक्त बाथरूम बदलून वरची उभी लाइन जुनी जीआय ठेवली तर तिच्यातले गंजाचे पोपडे नव्या शॉवरच्या आणि मिक्सरच्या जाळ्यांत येऊन बसतील. भिंतीतले जुने पाइप उपटत बसू नका, त्यानं गिलावा आणि विटा सैल होतात. दोन्ही टोकं बुचं मारून बंद करा आणि नव्या लाइनीला शेजारी नवी झिरी घ्या. बीम आणि कॉलमला झिरी मारू देऊ नका. तुमचं घर बंगलेवजा आहे आणि बाहेरच्या भिंतीवर जागा असेल तर उभी लाइन भिंतीत न गाडता बाहेरून झाकून आणा. पुढच्या दुरुस्तीत टाइल फोडावी लागणार नाही. प्रत्येक बाथरूमला बाहेर एक बंद करायचा कॉक द्या आणि गावी जाताना तो बंद करत जा.

शेवटचा जोड झाल्यावर पूर्ण एक दिवस लाइनीत पाणी सोडू नका. मग गीझर आणि सोलर वेगळे करून, नळांच्या तोंडांना बुचं लावून, हातपंपानं पाणी भरून दाब द्यायचा. मी ७ किलोपर्यंत नेतो. पहिल्या काही मिनिटांत काटा थोडा खाली येतो, कारण प्लास्टिक किंचित ताणलं जातं. पुन्हा ७ वर आणून तासभर पाहायचं, मग काटा हलता कामा नये. कॉम्प्रेसरच्या हवेनं तपासणी अजिबात करू देऊ नका. दाबलेल्या हवेत प्लास्टिक फुटलं तर तुकडे गोळीसारखे उडतात. तासानंतर दाब थोडा कमी करून रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी प्रत्येक जोडावर कोरडं टिश्यू फिरवून पाहा.

हे सगळं झाल्यावर, गिलावा भरण्याआधी, प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. भिंतीवर मोजपट्टी धरून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून पाइप किती अंतरावर आहे ते दिसेल असा. सीपीव्हीसीवर ड्रिल लागलं तर ते लोण्यासारखं आरपार जातं, आणि टॉवेलची दांडी बसवायला येणारा माणूस पाइप कुठे आहे हे कधीच विचारत नाही. ते फोटो छापून मीटरच्या पेटीत ठेवा.